चाळीस थेंबांचा हिशोब

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षेची मुलं माझ्या दवाखान्यात येतात ती बहुतेक तीनच तक्रारी घेऊन: अ‍ॅसिडिटी, पाठ, नाहीतर ‘अशक्तपणा’. पहिल्या दोन दारातूनच सांगतात. तिसरी सांगायला वेळ लागतो. मुलगा शेवटच्या नंबरला थांबतो, आत आल्यावर दार नीट लागलंय का बघतो आणि म्हणतो, “सर, जरा विकनेस आहे.” मग गप्प. मी बीपी बघेपर्यंत गप्प. उठता उठता म्हणतो, “सर, लघवीतून धातू जातोय.”

अशाच एकाची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. तेवीस वर्षांचा, धाराशिवकडचा, एमपीएससीचा दुसरा प्रयत्न. चार महिन्यांपासून थकवा, कंबर दुखते, वाचलेलं राहत नाही, छातीत धडधडतं, सकाळी लघवी पांढरी होते. कारण त्यानं स्वतःच शोधून ठेवलं होतं: सोळाव्या वर्षापासून हस्तमैथुन करतो, त्यामुळे शरीर पोखरलं गेलंय. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या कागदावर ‘बालपणीच्या चुका’ असं वाचलं, नंबर लावला आणि पंचेचाळीस दिवसांचा ‘कोर्स’ सहा हजार आठशेला घेतला. मेसचे दोन महिन्यांचे पैसे गेले. कोर्स संपला तरी थकवा तसाच होता. तेव्हा समोरून सांगितलं, नुकसान फार जुनं आहे, अजून दोन कोर्स लागतील.

त्याच्या खिशात एक छोटी डायरी होती. ज्या दिवशी ‘चूक’ झाली त्या तारखेवर फुली. वर्षभरात ११८ फुल्या. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यातल्या फुल्या लाल पेनानं.

या तक्रारीला वैद्यकात नाव आहे. डॉ. नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ म्हटलं आणि पुढे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही ते नाव गेलं. त्याचा अर्थ ‘धातू जाण्याचा आजार’ असा नाही. धातू जातोय या समजुतीतून आणि भीतीतून जो थकवा, धडधड, निरुत्साह येतो, त्या सगळ्याला मिळून ते नाव आहे. हा फरक कळायलाच मला स्वतःला प्रॅक्टिसची पहिली काही वर्षं लागली. तोवर मीही “काही नाही रे, मनाचे खेळ आहेत” म्हणून मुलांना परत पाठवत असे. ती माझ्याकडून थेट मुतारीतल्या नंबरकडे जात.

हिशोब मांडून बघू

चाळीस थेंब रक्तापासून एक थेंब वीर्य होतं, हे वाक्य आपल्याकडे कुणी शिकवत नाही आणि तरी सगळ्यांना येतं. मी लहानपणी ते तालमीत ऐकलं. वस्ताद म्हणायचे, पोरगा लंगोटाचा पक्का पाहिजे. वस्तादांनी आमच्याकडून काढून घेतलेल्या जोर-बैठका मला आजही उपयोगी पडतात. त्यांचं गणित मात्र कागदावर टिकत नाही.

एका वेळी साधारण दीड ते पाच मिली वीर्य बाहेर येतं. मध्य धरून तीन मिली म्हणू. औषधाच्या ड्रॉपरचे वीस थेंब म्हणजे अंदाजे एक मिली, म्हणजे हे साठ थेंब. चाळीसानं गुणा: दोन हजार चारशे थेंब, म्हणजे १२० मिली रक्त. रक्तदानाची पिशवी ३५० मिलीची असते. म्हणजे तीन वेळा हस्तमैथुन केलं की एक पिशवी रक्त गेलं. पुरुषाला पुन्हा रक्त देण्याआधी तीन महिने थांबायला सांगतात, आणि इथे तर आठवड्यात पिशवी जाते म्हणायची.

आता डायरीतल्या ११८ फुल्या घ्या. ११८ गुणिले १२० म्हणजे चौदा लिटरच्या वर. माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. वर्षभरात जवळजवळ तीन माणसांचं रक्त गेलेला मुलगा माझ्यासमोर बसला होता. त्याचे डोळे पांढरे पडले नव्हते, नखं गुलाबी होती, आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला तेव्हा हिमोग्लोबिन होतं १४.२. मी हे सगळं प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे त्याच्यासमोर लिहिलं. तो गणिताचा माणूस, त्याला एमपीएससीच्या गणितात पूर्ण मार्क हवे असतात. त्यानं गुणाकार तपासला आणि पहिल्यांदा थोडा हसला.

मग वीर्य बनतं कशापासून? रक्तापासूनच, पण लाळ, घाम आणि डोळ्यांतलं पाणी रक्तापासून बनतं त्या अर्थानं. ग्रंथी रक्तातून पाणी आणि इतर द्रव्यं घेऊन आपला स्राव तयार करतात. वीर्यातला जवळजवळ दोन तृतीयांश भाग शुक्राशयांतून येतो, म्हणजे मूत्राशयामागच्या दोन छोट्या पिशव्यांतून. बाकीचा बराचसा प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. ज्यासाठी एवढा गवगवा, त्या शुक्रजंतूंचा वाटा शंभरात दोन ते पाच भागांपलीकडे जात नाही. उरलेलं मुख्यतः पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं, क्षार. तीन मिलीत प्रथिनं सुमारे ०.१५ ग्रॅम असतात. एका शेंगदाण्यात असतात तेवढी. बदाम, केशर, डिंकाचे लाडू हे सगळं खायला माझी ना नाही, पण एका शेंगदाण्याची भरपाई करायला ते जरा जास्तच होतं.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, हेही काही मुलांनी वाचलेलं असतं, आणि त्यांना वाटतं एकदा बाहेर गेलं की अडीच महिने टाकी रिकामी. कारखाना तसा चालत नाही. रांग कायम चालू असते: आज तयार होऊन बाहेर पडणारे अडीच महिन्यांपूर्वी रांगेत लागले होते, आणि दर सेकंदाला हजाराच्या आसपास नवे तयार होतात. वापरले नाहीत तर शरीर ते मोडून जिरवून टाकतं, किंवा झोपेत बाहेर काढतं. फार काळ साठवून ठेवण्याची सोयच नाही. त्यामुळे ‘साठवलेलं तेज’ नावाची गोष्ट कुठल्या अवयवात ठेवायची हा प्रश्न उरतो.

आयुर्वेदावर हे सगळं ढकलणंही मला पटत नाही. रसापासून शुक्रापर्यंत सात धातूंची मांडणी तिथे आहे आणि अतिरेकानं शुक्रक्षय होतो असंही म्हटलं आहे. पण चरकात शुक्र कुठे असतं, तर उसात रस, दह्यात तूप आणि तिळात तेल असतं तसं सगळ्या अंगात, अशी उपमा आहे. ती एक व्यापक कल्पना आहे. तिला बाटलीतल्या तीन मिलीवर बसवून त्याचा भाव ठरवणारे लोक नंतरचे.

शिवाय हे खूळ फक्त आपलं नाही. अठराव्या शतकात युरोपात याच विषयावर भीती घालणारी पुस्तकं धडाधड खपत होती. तिसो नावाच्या स्विस डॉक्टरनं १७६० साली हस्तमैथुनानं आंधळेपणा, वेड, क्षय असं सगळं होतं म्हणून ग्रंथ लिहिला, आणि त्याच्याही नावावर सांगितलं जाणारं गणित वीर्य एक भाग तर रक्त चाळीस भाग असंच आहे. तिकडचं वैद्यक पुढे त्यातून बाहेर पडलं. आपल्याकडे मात्र हे मत नंतरही इंग्रजी शिक्षणाबरोबर ‘शास्त्रीय’ म्हणून वाढलं गेलं. घरचं आणि बाहेरचं दोन्ही एकच सांगायला लागल्यावर कोण शंका घेणार? घेणारे एक होते, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढायचे आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला झाला, त्यात हस्तमैथुनाबद्दलचे प्रश्नही होते. कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. तरी कर्व्यांना दंड झालाच.

लघवी पांढरी का?

गणित पटलं तरी मुलगा अडतो तो इथे. “पण सर, मी डोळ्यांनी बघितलंय.” आणि त्यानं बघितलेलं असतंच. ते नाकारून चालत नाही.

मी त्याला तिथेच लघवीचा नमुना द्यायला लावला. गढूळ होता, ताकाच्या निवळीसारखा. दोन परीक्षानळ्यांत अर्धा अर्धा ओतला. एका नळीत साध्या पांढऱ्या व्हिनेगरचे काही थेंब टाकले, नळी हलवली. गढूळपणा गेला. दुसरी नळी शेजारी तशीच. तो दोन्हींकडे आळीपाळीनं बघत राहिला.

झालं काय? लघवीत कॅल्शियम आणि फॉस्फेट नेहमीच विरघळलेले असतात. लघवी आम्लधर्मी असली की विरघळलेलेच राहतात, अल्कधर्मी झाली की पांढऱ्या चुऱ्यासारखे बाहेर पडतात. जेवण भरपूर झाल्यावर, दूध जास्त प्यायल्यावर हे सहज होतं. व्हिनेगर म्हणजे आम्ल. ते घातलं की फॉस्फेट पुन्हा विरघळतं. वीर्य असतं तर व्हिनेगरनं असं निवळलं नसतं, आणि पू असता तरीही नाही. लॅबच्या रिपोर्टमध्ये हेच ‘अमॉर्फस फॉस्फेट्स’ म्हणून लिहून आलं. पीएच ७.५, पू पेशी एक-दोन, शुक्रजंतू नाहीत.

याच्या बाबतीत एक गंमत होती, म्हणजे आता गंमत म्हणायची. अभ्यासिकेतून उठावं लागू नये म्हणून हा दिवसभर पाणी कमी प्यायचा. त्यामुळे उन्हाळे लागले, लघवीला आग व्हायला लागली. मेडिकलवाल्यानं गोड सिरप दिलं. ते सिरप लघवी अल्कधर्मी करण्यासाठीच असतं. आग कमी झाली आणि लघवी पांढरी झाली. मग ‘धातू भरून काढायला’ म्हणून रात्री अर्धा लिटर दूध सुरू केलं. म्हणजे एका हातानं फॉस्फेट भरायचं आणि दुसऱ्या हातानं ते बाहेर पाडायची सोय करायची. दोन आठवडे सिरप बंद, पाणी नीट, एवढ्यावर सकाळचा पांढरेपणा गेला.

दुसरी हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे शौचाला जोर केल्यावर येणारा चिकट, पारदर्शक किंवा दुधी थेंब. प्रोस्टेट ग्रंथी गुदाशयाला अगदी लागून असते. बद्धकोष्ठ असलं, जोर लावला, की ती दाबली जाते आणि तिचा स्राव पुढे येतो. मेसच्या मैद्याच्या चपात्या आणि कमी पाणी यांवर राहणाऱ्या मुलांत हे वारंवार होतं. इलाज इसबगोल आणि पालेभाजी, बाकी काही नाही. उत्तेजना आल्यावर येणारा पातळ चिकट थेंबही वेगळ्या ग्रंथींचा असतो. आणि हस्तमैथुनानंतर लगेचच्या लघवीत मूत्रमार्गात उरलेलं थोडं वीर्य येतं, हेही साहजिक.

व्हिनेगरचा प्रयोग घरी करून कुणी निदान करू नये. तो मी पटवण्यासाठी करतो. लघवीला सतत जळजळ, पिवळा पू, वीर्यात किंवा लघवीत रक्त, वृषणात गाठ किंवा दुखणं, यांतलं काहीही असेल तर तपासणी हवीच. मधुमेह जुना असेल किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असेल, तर वीर्य खरोखर मागे मूत्राशयात जाऊन लघवीतून येऊ शकतं. हे अर्थात तेविशीतल्या मुलांचं दुखणं नाही.

मग थकवा कुठून आला?

इथे मी पूर्वी चुकायचो. रिपोर्ट नॉर्मल, गणित चूक, फॉस्फेट सिद्ध, आता जा घरी. पण मुलगा थकलेला आहे हे खरंच असतं. तो दहा दिवसांनी पुन्हा आला आणि म्हणाला, “सर, सगळं नॉर्मल म्हणजे तुम्हाला सापडलं नाही असं ना?” त्याच्या जागी मी असतो तर हेच विचारलं असतं.

एक छोटं कारण रिपोर्टमध्ये होतं. बी १२ कमी होतं. मेसचं शाकाहारी जेवण, त्यातलं एक वेळचं वाचवलेलं, असे कितीतरी जण या भागात राहतात. त्याची इंजेक्शनं दिली. झोप दोन-अडीचला, उठणं सातला, खुर्चीत बारा तास. यानं कंबर दुखायला वीर्याची गरज नाही. थायरॉइड आणि साखर ठीक होती.

पण मोठं कारण डायरीत होतं. हस्तमैथुनानंतर काही वेळ अंग सैल पडतं, झोप येते. हृदयाचे ठोके वाढलेले असतात ते उतरतात, प्रोलॅक्टिनसारखं संप्रेरक वाढतं, काही वेळ पुन्हा इच्छा होत नाही. सगळ्यांनाच होतं, आणि एखाद्याला त्यात छान झोप लागते. याला मात्र तेच ‘शक्ती गेली’ म्हणून जाणवायचं, कारण तो त्या क्षणी हाच पुरावा शोधत असायचा. मग पश्चात्ताप. पश्चात्तापात झोप उडायची. सकाळी डोकं जड, वाचन होत नाही. ते फुलीच्या नावावर जमा. मग शपथ: आता महिनाभर नाही. शपथ घेतली की डोक्यात दिवसभर तोच विषय, आणि पाच-सहा दिवसांत एकतर शपथ मोडायची नाहीतर झोपेत वीर्य जायचं. झोपेतल्या त्या साध्या गोष्टीला आपण ‘स्वप्नदोष’ म्हणून ठेवलंय. भाषेनंच आधी दोष लावून टाकलाय, मग पोरानं काय करावं?

पुढची पायरी त्यानं फार अवघडून सांगितली. आपलं सगळं नीट आहे का बघायला तो अधूनमधून स्वतःची ‘टेस्ट’ घ्यायचा. ताठरता येते का, किती टिकते. भीतीत शरीर अ‍ॅड्रेनालीन सोडतं. त्यानं छाती धडधडते, हात थरथरतात, आणि लिंगाच्या रक्तवाहिन्या आकसतात. ताठरता यायला त्याच रक्तवाहिन्या सैल व्हाव्या लागतात. म्हणजे परीक्षा घेणाराच पेपर फोडतो. टेस्ट नापास, की भीती पक्की, की पुढची टेस्ट आणखी वाईट. लग्न ठरल्यावर येणारी कितीतरी मुलं याच वळणावर उभी असतात.

चार महिने हे चक्र चाललं तर ते भीतीपुरतं राहत नाही. मी त्याला नैराश्यासाठी वापरतात ती नऊ प्रश्नांची यादी विचारली: झोप, भूक, कशातच मन न लागणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, जगण्याचा कंटाळा. सत्तावीसपैकी सोळा गुण आले. जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार नाही, हे नीट विचारून घेतलं, पण हे नैराश्यच होतं. धात सिंड्रोमच्या रुग्णांत नैराश्य आणि चिंतेचा आजार वारंवार सापडतो, आणि नुसतं समजावून तो भाग जात नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. जायला तयार करायलाच दोन भेटी गेल्या.

तिथे गोळी सुरू झाली. या गोळ्यांचा परिणाम जाणवायला तीन-चार आठवडे लागतात, आणि यांतल्या काही गोळ्यांनी वीर्यपतनाला उशीर होतो किंवा इच्छा थोडी मंदावते. हे आधी सांगून ठेवावं लागतं. नाहीतर मुलगा समजतो, शेवटचा थेंबही संपला, आणि गोळी बंद करतो. त्यांनी सांगितलं होतं, तरी त्यानं मला फोन करून खात्री करून घेतलीच.

पाप आहे का?

“शरीराचं कळलं सर. पण चूक ती चूकच ना?” हा प्रश्न त्यानं तिसऱ्या भेटीत विचारला. मला वाटतं त्याचा खरा प्रश्न हाच होता. आजार ही त्यानं स्वतःला दिलेली शिक्षा होती.

त्याचं उत्तर माझ्या लॅबमध्ये नाही, आणि ते मी त्याला तसंच सांगितलं. ब्रह्मचर्य हे व्रत म्हणून कुणाला पाळायचं असेल तर जरूर पाळावं, शरीराला त्यानं अपाय नाही. उपास करणाऱ्यालाही आपण मान देतो. पण जो उपास करत नाही त्याला कॅन्सर होईल असं सांगणं वेगळं. नीतीचा मुद्दा नीतीच्या जोरावर उभा राहावा, त्याला खोट्या आजाराचं टेकू कशाला? मी त्याला इतकंच विचारलं, यात कुणाचं नुकसान झालं? कुणाला फसवलं, कुणावर जबरदस्ती केली? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, “आईचं. तिचे पैसे त्या कोर्सला गेले.” यावर मला बोलायला काही राहिलं नाही.

‘मला याचं व्यसन लागलंय’ असं सांगणारेही खूप येतात. विचारलं किती, तर आठवड्यातून दोनदा. किती वेळा हा आकडा कुठल्याच पुस्तकात नाही, कारण आकड्यानं काही ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या वर्गीकरणात लैंगिक वर्तनावर ताबा न राहण्याचा एक आजार आहे खरा. त्यात सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला असावा लागतो, अभ्यास, नोकरी, तब्येत, नाती यांचं खरं नुकसान होऊनही थांबता येत नाही असं असावं लागतं. आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की केवळ आपल्या नीतिकल्पनेमुळे वाटणारी खंत या निदानाला पुरेशी नाही. अभ्यासिका सोडून दिवसाचे चार-पाच तास मोबाइलवर त्यातच जाणारा मुलगाही मी पाहिलाय. त्याला मदत लागते. आठवड्यातून दोनदा करून उरलेले पाच दिवस रडणाऱ्याला वेगळी मदत लागते. शरीराच्या बाजूनं एक खरा धोका सांगायचा तर सवयीचा. फार घट्ट पकड किंवा पालथं पडून गादीवर घासण्याची वर्षानुवर्षांची सवय असेल, तर पुढे जोडीदाराबरोबर तितका दाब मिळत नाही आणि अडचण येते. सवय बदलली की काही महिन्यांत बहुतेकांचं सुधारतं. लिंग वाकडं होणं, लहान होणं, मूल न होणं, चष्मा लागणं, यांचा हस्तमैथुनाशी संबंध नाही.

मुलींचं काय, असं कुणी विचारतच नाही. त्या या तक्रारीनं येत नाहीत, त्या ‘अंगावरून पांढरं जातं, कंबर गळते’ म्हणून येतात. हिंजवडीत नोकरी करणारी, लग्नाला तीन वर्षं झालेली एक बाई मूल होत नाही म्हणून तपासण्या करत होती. नवरा बाहेर गेल्यावर अगदी हळू म्हणाली, “डॉक्टर, मी कॉलेजात असताना करायचे. त्यामुळे आत काही खराब झालं असेल?” सात वर्षं ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. तिचं पांढरं जाणं पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं ताणलं जाणारं, वास नसलेलं होतं. बीज सुटायच्या दिवसांत ते तसंच असतं. खाज, घाण वास, दह्यासारख्या गुठळ्या असत्या तर जंतुसंसर्ग शोधला असता. मूल न होण्याचं कारण थायरॉइड निघालं. पण तिला सगळ्यात जास्त रडू आलं ते मी “नाही, अजिबात नाही” म्हणालो तेव्हा.

जाहिरातींबद्दल थोडं. लैंगिक शक्ती वाढवतो असा दावा करून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. मुतारीतल्या कागदाला ते माहीत नसावं. अशा बिनलेबलच्या पुड्यांत शिसं, पारा यांसारखे जड धातू, स्टिरॉइड किंवा न सांगता मिसळलेलं ताठरतेचं अ‍ॅलोपॅथी औषध असू शकतं. पहिल्या आठवड्यात ‘गुण’ येतो तो बहुतेकदा त्यामुळेच. छातीत दुखतं म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात असली पुडी गेली तर रक्तदाब धोकादायक खाली जातो. धातू जायच्या भीतीनं धातू पोटात घ्यायचे, असा हा व्यवहार आहे.

तो मुलगा पुढच्या सात महिन्यांत पाच-सहा वेळा आला. डायरी चालू होती, पण आता तीत झोपेचे तास आणि सोडवलेले पेपर होते. फुल्या आपोआप बंद झाल्या, ‘चूक’ बंद झाली की नाही ते मी विचारलं नाही. प्रिलिम त्या वर्षी गेलीच. थकवा पूर्ण गेलाय असं तो म्हणत नाही, “सर, पेठेतल्या पोरांना थकवा असतोच” म्हणतो.

शेवटचा आला तेव्हा बरोबर रूममेट होता. तो शेवटच्या नंबरला थांबला, आत आला, दार नीट लावलं. याच्याकडे एकदा बघितलं आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. आत तपकिरी पूड.

“सर, हा निम्माच संपलाय. परत घेतील का ते?”

पावती आहे का विचारलं. पावती नव्हती.